डेक कॅडेटची सर्टिफिकेटं आणि त्यांच्या तारखा, जहाजावर जाण्याआधी समजून घ्या

मी सध्या सेकंड मेट आहे. कॅडेट मुलंमुली मला सगळ्यात जास्त विचारतात ते कुठले कोर्स करायचे हे. ते तसं सोपं आहे. घोळ होतो तो कुठलं सर्टिफिकेट किती दिवस चालतं यात, कारण सगळ्यांची मुदत सारखी नसते आणि हे कॅडेट असताना कुणी बसवून नीट सांगत नाही. म्हणून आज जास्त करून तारखांबद्दलच लिहिते.

आधी थोडक्यात पाया. एसटीसीडब्ल्यू नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, 1978 चा, आणि 2010 मध्ये मनिलाला त्यात मोठे बदल झाले. जहाज कुठल्याही देशाचं असो, कोर्सेस त्याच करारातून येतात. जहाजावर पाय ठेवायच्या आधी चार बेसिक कोर्स लागतात: पाण्यात जीव वाचवण्याचा म्हणजे पीएसटी, आग विझवण्याचा म्हणजे एफपीएफएफ, प्राथमिक उपचाराचा ईएफए, आणि पीएसएसआर, ज्यात कामावरची सुरक्षितता आणि एकत्र राहण्या-वागण्याचे नियम येतात. 1 जानेवारी 2026 पासून या शेवटच्या कोर्समध्ये छळ, दादागिरी आणि लैंगिक त्रास कसा रोखायचा हा भाग सक्तीचा झालाय आणि मला हे फार आधी व्हायला हवं होतं असं वाटतं. याशिवाय सिक्युरिटीचा कोर्स असतो. टँकरवर जाणार असाल तर त्या प्रकारच्या टँकरचा बेसिक कोर्स वेगळा.

सर्टिफिकेट हातात आलं की फोटो काढून घरी पाठवायच्या आधी ते शांतपणे वाचा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे तंतोतंत आहे का, जन्मतारीख बरोबर आहे का आणि कराराचा संदर्भ छापलाय का ते बघा. पीएसटीवर A-VI/1-1, आगीच्या कोर्सवर A-VI/1-2, प्राथमिक उपचारावर A-VI/1-3 आणि पीएसएसआरवर A-VI/1-4 असं असतं. हा आकडा नसेल आणि कुठल्या देशाच्या सागरी प्रशासनाने कोर्सला मान्यता दिलीय तेही लिहिलेलं नसेल तर पैसे भरून फक्त एक छान कागद मिळाला असं समजा, जहाजावर तो चालणार नाही. फी भरायच्या आधीच प्रशासनाच्या यादीत संस्थेचं नाव बघितलं की हा प्रश्नच येत नाही.

आता मुदतीचं. पीएसटी आणि आगीचा कोर्स, या दोन्हींची क्षमता तुमच्यात अजून आहे हे दर पाच वर्षांनी दाखवावं लागतं, यालाच आपण सगळे रिफ्रेशर म्हणतो. प्राथमिक उपचार आणि पीएसएसआरला करारात अशी पाच वर्षांची अट नाहीये, सिक्युरिटीच्या कोर्सलाही नाही. पण एखादी कंपनी किंवा जहाजाचा झेंडा ज्या देशाचा तो देश जास्तीचं मागू शकतो, म्हणून कुणी "हेपण रिन्यू कर" म्हणालं तर कुठल्या नियमाने ते लेखी विचारा, उगाच पैसे भरू नका.

बऱ्याच जणांना वाटतं की जहाजावर दर महिन्याला ड्रिल करतोच की, मग परत कोर्स कशाला. याचं उत्तर करारातच आहे. काही गोष्टी जहाजावरच्या ट्रेनिंगमधून धरता येतात, जसं की लाइफजॅकेट घालणं, लाइफबोटीत चढणं, श्वासोच्छ्वासाचा सेट म्हणजे बीए सेट वापरणं. पण उंचावरून पाण्यात उडी मारणं, उलटा पडलेला लाइफराफ्ट सरळ करणं, खरी आग विझवणं हे जहाजावर कुणी करून दाखवू शकत नाही, त्यासाठी किनाऱ्यावरच्या संस्थेतच जावं लागतं.

राफ्टचं तर मी स्वतः अनुभवलंय. पहिल्या कोर्सला मी ते मस्त केलं होतं: सिलिंडर आहे त्या बाजूला उभं राहायचं, तळाचा पट्टा दोन्ही हातांनी धरायचा, पाय काठावर रोवून सगळं वजन मागे टाकायचं. पाच वर्षांनी रिफ्रेशरला मी सिलिंडरच्या विरुद्ध बाजूने चढले आणि राफ्ट हललाच नाही, दोनदा प्रयत्न केला, दम लागला, मग प्रशिक्षकांनी ओरडून बाजू बदलायला लावली. त्यानंतर राफ्ट उलटून अंगावर आला आणि मी खाली अडकले, तेव्हा घाबरून हातपाय मारायच्या ऐवजी पाठीवर होऊन तोंड वर ठेवून बाहेर सरकायचं असतं हेही पार विसरले होते. स्विमिंग पूलमध्ये, कोमट पाण्यात ही अवस्था. तेव्हापासून रिफ्रेशर म्हणजे नुसता शिक्का असं मी कधी म्हणत नाही.

कॅडेटला सगळ्यात आधी अडवतं ते मात्र मेडिकल. त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, पण वय 18 च्या खाली असेल तर फक्त एकच वर्ष. रंग ओळखण्याची तपासणी सहा वर्षांपर्यंत चालते. डेकवाल्यांनी मेडिकल, विशेषतः डोळ्यांचं आणि रंगांचं, कोर्सची फी भरायच्याही आधी करून घ्यावं, कारण रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा आणि हिरवा दिवा यातला फरक दिसत नसेल तर डेकवर पुढचं काहीच होत नाही.

एक उदाहरण तारखांसकट घेऊ म्हणजे कळेल. समजा एका मुलाचा जन्म 12 फेब्रुवारी 2007 चा. त्याने चारही बेसिक कोर्स ऑगस्ट 2024 मध्ये केले आणि लगेच 20 ऑगस्टला मेडिकल. तेव्हा तो साडेसतरा वर्षांचा, म्हणजे मेडिकल 19 ऑगस्ट 2025 ला संपणार. जॉइनिंग लांबत लांबत 10 जानेवारी 2025 ला आलं, काँट्रॅक्ट आठ महिन्यांचं, म्हणजे 10 सप्टेंबरपर्यंत. मेडिकल काँट्रॅक्ट संपायच्या तीन आठवडे आधीच मरतंय. आता नियम असा आहे की समुद्रात असताना मेडिकल संपलं तर पुढच्या ज्या बंदरात मान्यताप्राप्त डॉक्टर मिळेल तिथपर्यंत ते चालतं, पण तीन महिन्यांच्या वर नाही. ही सोय अडचणीसाठी आहे, त्यावर भरवसा ठेवून कुठलीही धड कंपनी जहाजावर पाठवत नाही. त्याने जानेवारीत जॉइनिंगच्या आठवडाभर आधी, समजा 3 तारखेला, नवीन मेडिकल केलं की ते 2 जानेवारी 2026 पर्यंत जातं, रिलिव्हर दोन-तीन महिने उशिरा आला तरी पुरतं. आणि उतरल्यावरचं पुढचं मेडिकल 18 पूर्ण झाल्यावरचं असल्याने थेट दोन वर्षांचं.

हाच मुलगा पुढे नेऊ. मान्यताप्राप्त ट्रेनिंग प्रोग्रॅममधून आला असेल आणि ट्रेनिंग रेकॉर्ड बुक नीट भरलं असेल तर अधिकाऱ्याच्या सर्टिफिकेटसाठी, म्हणजे सीओसीसाठी, त्याला 12 महिने सीटाइम म्हणजे जहाजावरचा प्रत्यक्ष काळ लागतो, त्यातले सहा महिने ब्रिजवर अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली वॉच. प्रोग्रॅमशिवाय आला तर 36 महिने, म्हणून ते बुक जिवापाड सांभाळा आणि सह्या त्या त्या वेळीच घ्या, चीफ मेट साइन ऑफ झाल्यावर मेल करून सही मागणं फार जड जातं. दुसरं काँट्रॅक्ट 2026 च्या मध्यावर संपलं, मग परीक्षेआधी ॲडव्हान्स्ड फायर फायटिंग, लाइफबोट आणि रेस्क्यू बोटीचा पीएससीआरबी, आणि मेडिकल फर्स्ट एडचा कोर्स केला, आणि 2027 मध्ये सीओसी हातात आलं. आता बघा: बेसिकमधले पीएसटी आणि आग 2029 ला संपणार, ॲडव्हान्स्ड फायर आणि पीएससीआरबी 2031 ला, सीओसी 2032 ला. तीन वेगळी वर्षं. तो जून 2029 मध्ये सहा महिन्यांच्या काँट्रॅक्टवर निघाला तर ऑगस्टमध्ये दोन सर्टिफिकेटं संपणार, म्हणजे रिफ्रेशर त्याआधीच्या सुट्टीतच व्हायला हवा.

माझं नेमकं इथेच चुकलं होतं. माझ्या डोक्यात सीओसीची तारीख पक्की बसलेली आणि मी धरून चालले होते की बाकीचं सगळं त्याच्याबरोबरच रिन्यू होईल. तिकीट आलं होतं, बॅग भरली होती, आणि दोन दिवस आधी क्रूइंगमधून फोन आला की पीएसटीची मुदत काँट्रॅक्ट संपायच्या एक महिना आधी संपतेय, जॉइनिंग रद्द. त्या आठवड्यात जवळपास कुठेच बॅच नव्हती, माझ्या जागी दुसऱ्याला पाठवलं आणि मी नंतर दोन महिने घरी बसून होते. त्यात चूक त्यांची नव्हती, तारीख माझ्याच कागदावर छापलेली होती.

तेव्हापासून मी वहीत प्रत्येक कागदापुढे शेवटची तारीख लिहिते आणि काँट्रॅक्ट संपायच्या तारखेत तीन महिने मिळवून बघते की सगळ्या तारखा त्याच्या पुढे आहेत का. पासपोर्ट, सीमन बुक आणि व्हिसापण याच वहीत. यलो फीव्हरच्या लसीचं तेवढं सोपं आहे, ती टोचल्यावर 10 दिवसांनी लागू होते आणि जुलै 2016 पासून आयुष्यभर चालते, त्यामुळे जुन्या कार्डावर दहा वर्षं छापलेलं दिसलं तरी घाबरू नका, फक्त जॉइनिंगच्या आदल्या दिवशी टोचून घेऊ नका.

आणखी एक, सीओसी रिन्यू करताना साधारणपणे मागच्या पाच वर्षांत एकूण 12 महिने किंवा अगदी आधीच्या सहा महिन्यांत तीन महिने सीटाइम दाखवावा लागतो. रिफ्रेशरच्या छोट्या कोर्सलाही बऱ्याच देशांत सीटाइमचा पुरावा मागतात, तो नसेल किंवा मुदत उलटून गेली असेल तर पूर्ण कोर्स परत करायला लावतात. म्हणून प्रत्येक जहाजावरून उतरताना कॅप्टनच्या सहीचं सी सर्व्हिसचं पत्र घ्या आणि त्यावरच्या साइन ऑन, साइन ऑफच्या तारखा सीमन बुकातल्या शिक्क्यांशी तिथेच, गँगवेवर जायच्या आधी, जुळवून बघा. एका दिवसाचाही फरक असेल तर तिथे पाच मिनिटांत दुरुस्त होतो. तेच घरी आल्यावर करायचं म्हटलं की जहाज तिसऱ्याच समुद्रात, कॅप्टन बदललेला, आणि तुमचा अर्ज त्या एका दिवसासाठी अडकलेला.

जहाजावर मूळ सर्टिफिकेटच न्यायचं, झेरॉक्स चालत नाही, कारण बंदरात तपासायला येणारे अधिकारी मूळच मागतात. 1 जानेवारी 2025 पासून करारात इलेक्ट्रॉनिक सर्टिफिकेटलाही मान्यता मिळालीय, पण ते सर्टिफिकेट देणाऱ्या प्रशासनाने तसं काढलेलं असलं पाहिजे, आपण स्वतः स्कॅन करून फोनमध्ये ठेवलेली पीडीएफ म्हणजे ते नव्हे. स्कॅन तरीही ठेवाच, घरच्या एका माणसाकडेही ठेवा. बॅग हरवली तर निदान सर्टिफिकेटचा नंबर हाताशी असतो आणि डुप्लिकेटसाठी अर्ज करताना सगळ्यात आधी तोच विचारतात.