खटखटणारा एपीएफसी पॅनेल: माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये कपॅसिटर जोडून-सोडून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या एपीएफसी पॅनेलचा एकच कॉन्टॅक्टर सतत आत-बाहेर होत होता. सगळ्या स्टेप, म्हणजे कपॅसिटरचे गट, 25 केव्हीएआरच्या होत्या. दुरुस्तीत प्रवाह मोजणारी 200/5 ची सीटी बसली, पण कंट्रोलरमध्ये जुना 400/5 हाच रेशो राहिला. त्यामुळे 15 केव्हीएआरची खरी गरज त्याला 30 दिसे, तो स्टेप जोडी, आणि गरजेपेक्षा जास्त झालेले 10 लीडिंग त्याला 20 वाटून तीच स्टेप लगेच सोडी. क्लॅम्प मीटरवरचा प्रवाह पडद्यावरील आकड्याच्या निम्मा निघाला, तेव्हा कारण पक्के झाले.

रेशो 200/5 केल्यावर खटखट थांबली. मात्र 15 ची तूट तशीच राहिली, कारण स्टेपच्या सुमारे दोन तृतीयांश गरज झाल्याशिवाय हा कंट्रोलर ती जोडत नाही, म्हणून 12.5 ची एक लहान स्टेप बसवली आणि कंट्रोलरमध्येही तिची नोंद केली.