मॅनेजरची तक्रार एचआरकडे नेताना

अंधेरीच्या एका ऑफिसात असताना मी माझ्या मॅनेजरच्या वागण्याबद्दल एचआरकडे लेखी तक्रार केली होती. सगळ्यांसमोर ओरडणं, रजेवर असताना फोन करून झापणं, ‘अप्रेझलला बघतो’ म्हणून धमकावणं, असा प्रकार होता. आता नव्याने नोकरीला लागलेली मुलंमुली मला आपापले मसुदे दाखवतात, तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: ‘सर नेहमी अपमान करतात.’ त्यांना होणाऱ्या त्रासाबद्दल मला शंका नसते. पण या वाक्यावरून एचआरला चौकशी करता येत नाही. मॅनेजर म्हणेल, ‘मी असं करत नाही’, आणि विषय तिथेच संपेल.

माझ्या तक्रारीतली एक नोंद अशी होती: ‘१२ जून, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, चौथ्या मजल्यावरची मीटिंग रूम. दुसऱ्या विभागाचे आकडे न आल्यामुळे रिपोर्ट अपुरा होता, तसं मी सांगितलं. सरांनी फाइल टेबलावर आपटली आणि म्हणाले, “तुमसे नहीं होता तो घर बैठो.” टीममधले चौघे हजर होते, नावं खाली दिली आहेत. आकड्यांचा मेल मला दुपारी १ नंतर आला, तो सोबत जोडला आहे.’

यातला प्रत्येक तपशील एचआरला कुणाला तरी विचारून किंवा कुठेतरी बघून पडताळता येतो. बोलणं ज्या भाषेत झालं त्याच भाषेत लिहावं. हिंदीतला टोमणा शुद्ध मराठीत किंवा इंग्रजीत उतरवला की त्याची धार जाते, आणि ‘मी हे शब्द वापरलेच नाहीत’ म्हणायला वाव मिळतो. नेमके शब्द आठवत नसतील तर ‘या अर्थाचं बोलले’ असं स्पष्ट लिहा. ‘मला काढायचा त्यांचा डाव आहे’ असा अंदाज मात्र तक्रारीत नको, कारण मग चर्चा घडलेल्या घटनेवर न राहता त्या अंदाजावरच होते.

नोंद त्याच संध्याकाळी करावी. मी घरी जाताना लोकलमध्ये बसायला मिळालं की वहीत लिहायचे. वहीत बरंच साठतं, पण तक्रारीत तीन-चार ठळक घटनाच घ्या. मॅनेजरने तुम्हाला पाठवलेल्या मेसेजचे, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट जोडा. पुरावा म्हणून क्लायंटच्या फाइली स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. तो नियमभंग ठरू शकतो, आणि मग चौकशी तुमचीच सुरू होते.

आता गोपनीयतेबद्दल. मेल एचआरच्या सामायिक पत्त्यावर न टाकता तिथल्या जबाबदार व्यक्तीच्या नावे पाठवा आणि विषयात ‘गोपनीय’ लिहा. तरी पूर्ण गुप्ततेचं आश्वासन एचआर देऊ शकत नाही. चौकशी करायची तर मॅनेजरला घटना सांगावीच लागते, आणि ज्या बोलण्याच्या वेळी खोलीत तुम्ही दोघंच होतात, ते कुणी सांगितलं हे त्याला लगेच कळतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: हे कोणाकोणापर्यंत जाईल आणि मॅनेजरशी बोलण्याआधी मला कळवाल का? मी विचारलं होतं, आणि त्यांनी आदल्या दिवशी कळवलं. हजर असलेल्या सहकाऱ्यांची नावं द्या, पण त्यांना ‘असं असं सांग’ म्हणून पढवू नका. सगळ्यांची वाक्यं एकसारखी आली की खरी साक्षही संशयास्पद वाटते.

वागणं लैंगिक स्वरूपाचं असेल तर वाट वेगळी आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार महिलेने तक्रार ऑफिसातल्या अंतर्गत समितीकडे करायची असते, तीही लेखी आणि घटनेपासून ३ महिन्यांत. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून हे ३ महिने धरतात. वेळेत तक्रार करता न येण्याचं कारण पटलं तर समिती आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. एचआरशी नुसतं तोंडी बोलण्यात ही मुदत घालवू नका.

एचआरची भेट झाली की त्याच दिवशी दोन-चार ओळींचा मेल करा: आज काय बोलणं झालं, पुढे काय करायचं ठरलं, कधीपर्यंत. माझ्या बाबतीत मॅनेजरवर नेमकी काय कारवाई झाली हे मला सांगितलं नाही, कारण त्याची माहितीही गोपनीय असते. मीटिंगमधलं ओरडणं थांबलं, पण नंतर दोनदा माझी शिफ्ट आयत्या वेळी बदलली गेली. मी दोन्ही तारखा आधीच्याच मेलला उत्तर म्हणून कळवल्या, त्यामुळे तक्रारीनंतरचा हा बदल त्याच प्रकरणात नोंदला गेला आणि पुढच्या महिन्यापासून शिफ्ट ठरवायचं काम दुसऱ्या मॅनेजरकडे गेलं.