मेलचा मायना लिहिताना या चुका टाळा

गेली तेरा वर्षं मी एका मसाला आयातदाराकडे पत्रव्यवहार सांभाळते. ज्यांच्याशी रोज व्यवहार चालतो, त्यातल्या बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नाही. ऑफिसात नवी मुलं येतात आणि तीच ती चूक करतात: नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरतात, पुढे Mr. लावतात आणि मेल पाठवून मोकळी होतात.

आम्ही व्हिएतनामहून दालचिनी आणि चक्रीफूल मागवतो. एकदा तिथल्या पुरवठादाराकडून दर आला, शुक्रवार संध्याकाळपर्यंत वैध. पाठवणाऱ्या व्यक्तीचं नाव मेलवर Mai Nguyen असं दिसत होतं (नाव बदललं आहे). आमच्या नव्या मुलाने होकाराचा मेल लिहिला, `Dear Mr. Nguyen` अशा मायन्याने, आणि तोही आलेल्या मेलला उत्तर म्हणून नाही, तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या सामाईक पत्त्यावर. त्या ऑफिसात चार जण Nguyen होते. मेल गेला माल रवाना करणाऱ्या विभागातल्या Nguyen साहेबांकडे, आणि ते दोन दिवस बंदरावर होते. सोमवारी आम्हाला नवा, चढा दर आला. एका कंटेनरवरचा फरक आम्ही निमूटपणे भरला.

त्या एका मायन्यात दोन चुका होत्या. व्हिएतनाममध्ये आडनाव आधी, मधलं नाव नंतर आणि माणसाचं स्वतःचं नाव शेवटी असतं. साधारण तीन माणसांत एकाचं आडनाव Nguyen असतं, त्यामुळे तिथे आडनावाने कोणी हाक मारत नाही. अगदी औपचारिक बोलण्यातही आदराचा शब्द आणि पुढे स्वतःचं नाव असंच चालतं. व्हिएतनामी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस Nguyen Phu Trong यांचा उल्लेख इंग्रजी बातम्यांतही Trong असाच होत असे. परदेशी लोकांच्या सोयीसाठी बरेच व्हिएतनामी मेलमध्ये क्रम उलटा करतात आणि तिथेच आपण फसतो. दुसरी चूक म्हणजे त्या बाई होत्या. दरपत्रकावर त्यांचं पूर्ण नाव Nguyen Thi Mai असं छापलेलं होतं, आणि मधलं Thi हे बाईच्या नावाची खूण असते. तेही माहीत नसेल तरी चालतं, कारण मेलच्या तळाशी त्यांनी स्वतःच `Mai (Ms.)` अशी सही केली होती. मायना `Dear Ms. Mai` हवा होता. उत्तर समोर होतं, फक्त तळापर्यंत जायचा धीर त्या मुलाला नव्हता.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. मायना लिहायच्या आधी मी समोरच्याच्या जुन्या मेलच्या तळाशी जाते आणि त्याने सहीत जे नाव लिहिलं आहे तेच उचलते. टाइप करत नाही, कॉपी करते. म्हणजे स्पेलिंगही चुकत नाही. प्रोफाइलवरचं नाव मी प्रमाण मानत नाही, कारण तिथे पहिलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात आणि जगातली निम्मी नावं त्यात कोंबून बसवलेली असतात.

यासाठी व्हिएतनामपर्यंत जायचीही गरज नाही. बुद्धिबळाचे विश्वनाथन आनंद घ्या: विश्वनाथन हे त्यांच्या वडिलांचं नाव, त्यांचं स्वतःचं नाव आनंद. तमिळ माणूस एरवी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतो. पण फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना भरावाच लागतो, म्हणून ते आद्याक्षर उलगडून तिथे जातं. चेन्नईच्या क्लिअरिंग एजंटला तुम्ही त्या रकान्यातल्या नावाने मायना लिहिलात, तर तुम्ही त्याच्या वडिलांना पत्र लिहिताय. सहीत S. Karthikeyan असेल तर `Dear Mr. Karthikeyan` लिहा आणि S म्हणजे काय ते शोधत बसू नका.

जपानी नावांचा गोंधळ अलीकडे वाढला आहे. जपान सरकारने 1 जानेवारी 2020 पासून इंग्रजी कागदपत्रांतही आडनाव आधी लिहायला सुरुवात केली, पण खासगी कंपन्यांत अजून दोन्ही क्रम दिसतात. सहीत एक शब्द पूर्ण कॅपिटलमध्ये असेल तर तो आडनाव समजा आणि त्याला आदराचा san जोडा. आपण सही करताना आपल्या नावाला मात्र san कधीच लावू नये.

दुसरी चूक घरचीच आहे आणि ती मला जास्त बोचते. कोल्हापूरकडच्या एका शेतकरी कंपनीच्या अध्यक्षांना आमच्याकडून मराठीत मेल गेला, नावाआधी ‘श्रीमती’ लावून. उत्तरात हळदीच्या दराबद्दल एक अक्षर नव्हतं. एकच ओळ होती: ‘माझे यजमान हयात आहेत.’ मेल लिहिणारा मुलगा इंदूरला वाढलेला. हिंदीत श्रीमती म्हणजे विवाहित स्त्री, आणि सरकारी पत्रांत तर ते सरसकट वापरतात. पण आपल्याकडे अनेक घरांत आजही श्रीमती म्हणजे विधवा असाच अर्थ घेतला जातो. मग कोणी घाबरून सगळ्यांना ‘सौ.’ लावतं, आणि तो मेल एखाद्या अविवाहित किंवा घटस्फोटित बाईंकडे जातो. मी स्वतः दोन्ही शब्द वापरायचं बंद केलंय. मराठीत ‘नमस्कार पाटील मॅडम’, इंग्रजीत Ms. आणि आडनाव. कुणाचं लग्न झालंय की नाही, हे हळदीच्या व्यवहारात मला ठाऊक असायचं कारण नाही. ताई मात्र समोरून आल्याशिवाय लिहू नका. न पाहिलेल्या माणसाशी एकदम नातं जोडलं की काहींना ती सलगी वाटते.

बाकीच्या चुका थोडक्यात. `Hello dear` कोणालाही लिहू नका. नाव माहीत असताना `Dear Sir/Madam` लिहिलंत, तर समोरच्याला वाटतं की हाच मेल पन्नास जणांना गेलाय. युरोपातल्या माणसाचं पहिलं नाव बघून बाई की पुरुष ते ठरवू नका: Andrea इटलीत बहुधा पुरुष असतो, जर्मनीत बाई. शंका असेल तर Mr. किंवा Ms. काहीच न लावता पूर्ण नाव लिहा. जरा कोरडं वाटतं, पण चूक होत नाही.

पहिल्या नावावर कधी यायचं, हे मी समोरच्यावर सोडते. अमेरिकन ग्राहक दुसऱ्याच मेलला नुसतं Mike लिहून सही करतो. तेव्हा मीही `Dear Mike` लिहिते, कारण त्यानंतरही Mr. धरून बसलं तर त्याला वाटतं काहीतरी बिनसलंय. जर्मन प्रयोगशाळेतल्या डॉक्टरेट असलेल्या बाईंना मात्र मी चार वर्षं `Dear Dr.` आणि आडनाव असंच लिहितेय. त्यांनी अजून सुचवलेलं नाही, आणि मी विचारणारही नाही.

आणि आपलं नाव नीट लिहा. सचिन रमेश तेंडुलकर या नावातलं रमेश हे वडिलांचं नाव आहे, हे तैवानच्या माणसाला कळायचा काही मार्ग नाही. मी सहीतून वडिलांचं नाव काढून टाकलंय आणि शेवटी (Ms.) लिहिते. मला `Dear Sir` म्हणून येणारे मेल त्यानंतर जवळजवळ थांबले.

चूक झालीच, तर लांबलचक माफीनामा लिहू नका. लोक सहसा थेट सांगत नाहीत; पुढच्या मेलच्या सहीत अचानक (Ms.) किंवा Dr. दिसू लागतं, तोच इशारा. मग पुढचा मायना बरोबर लिहायचा आणि खाली एक ओळ: ‘मागच्या मेलमध्ये नाव चुकीचं लिहिलं गेलं, क्षमस्व.’ व्हिएतनामच्या बाईंना मी एवढंच लिहिलं होतं. उलट टपाली त्यांनी माझ्या नावातला कुठला भाग मायन्यात लिहायचा, हे विचारलं.