दुकानाच्या पेजवर ट्रेंडिंग मीम टाकताय? या चुका टाळा

ट्रेंडमध्ये असलेलं मीम उचललं, त्यातल्या एका चेहऱ्यावर दुकानाचं नाव चिकटवलं, कोपऱ्यात लोगो आणि खाली फोन नंबर टाकला की पोस्ट तयार झाली, असं अनेकांना वाटतं. अशी पोस्ट लोक वाचतही नाहीत, अंगठ्याने वर सरकवतात. यात विनोदबुद्धी कमी पडते असं नाही. त्या फॉरमॅटमध्ये मुळात काय म्हटलं जातं, ते बहुतेक वेळा कोणी पाहिलेलंच नसतं.

चूक पहिली: दुकानाला हिरो करणं

प्रत्येक मीम फॉरमॅटमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं. चित्र तेच, वाक्याचा सांगाडा तोच, आपण फक्त रिकाम्या जागा भरायच्या. ‘डिस्ट्रॅक्टेड बॉयफ्रेंड’ हे सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. अंतोनियो गिलेम या स्पॅनिश छायाचित्रकाराने 2015 मध्ये काढलेला हा स्टॉक फोटो, म्हणजे परवाना विकत घेऊन वापरायचा तयार फोटो, 2017 मध्ये मीम म्हणून जगभर पसरला. रस्त्यात एक तरुण वळून दुसऱ्या मुलीकडे बघतोय आणि शेजारी चालणारी त्याची प्रेयसी त्याच्याकडे संतापाने पाहतेय.

यातलं वाक्य असं: ‘ज्या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं ती हाताशी आहे, तरी माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय, आणि हे चुकतंय हे मलाही कळतंय.’ तरुणाच्या जागी मोह आवरत नाही असा माणूस, पुढच्या मुलीच्या जागी तो मोह आणि प्रेयसीच्या जागी दुर्लक्षित गोष्ट.

आता सायकल दुरुस्तीच्या एका दुकानाला हे वापरायचंय असं समजा. पहिल्या फटक्यात सुचतं ते असं: तरुणावर ‘ग्राहक’, पुढच्या मुलीवर ‘आमचं दुकान’, प्रेयसीवर ‘बाकीची दुकानं’. हे वाक्यात घालून मोठ्याने म्हणून पाहा. ‘लक्ष बाकीच्या दुकानांकडे द्यायला हवं, पण ग्राहकाला आमचा मोह पडलाय आणि ते चुकीचं आहे.’ ग्राहक बेइमान ठरला आणि दुकान म्हणजे पस्तावायला लावणारा मोह ठरलं. बघणाऱ्याला एवढं विश्लेषण सुचत नाही, पण काहीतरी ओढूनताणून केलंय हे त्याला लगेच जाणवतं.

तेच चित्र असं भरा: तरुणावर ‘मी’, पुढच्या मुलीवर ‘हँडलला आणखी एक नवी घंटी’, प्रेयसीवर ‘तीन महिने तेल न पाहिलेली चेन’. हे वाक्य बसतं. सायकल चालवणारा प्रत्येक जण त्यात स्वतःला ओळखतो आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या सायकलवाल्याला पाठवतो. दुकानाचं नाव चित्रात कुठेही नाही, तरी सायकलींमध्ये रोज हात घालणाऱ्यानेच हे केलंय हे कळतं. ओळख अशा तपशिलातून पटते. लोगोने पटत नाही.

म्हणून चित्राला हात लावण्याआधी फॉरमॅटचं वाक्य साध्या मराठीत कागदावर लिहा आणि आपली लेबलं त्यात घालून वाचा. वाक्य खरं वाटलं नाही, तर फॉन्ट, रंग, गाणं काहीही त्याला वाचवू शकत नाही. दुसरी कसोटी म्हणजे दुकानाचं नाव झाकून पाहा. उरलेलं मीम कुठल्याही धंद्याला चालत असेल, तर ते तुमचं झालेलंच नाही.

मग दुकान कुठे येतं?

कॅप्शनमध्ये, आणि तिथेही काहीतरी हातात देऊन. वरच्या चित्राखाली हे चालेल: ‘चेन कुरकुरायला लागली की ती तेल मागतेय. आधी जुना मळ पुसा, मग प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकेक थेंब टाका, पेडल उलटं फिरवा आणि वरचं जादा तेल फडक्याने पुसून घ्या. ते राहिलं तर धूळ धरतं आणि चेन लवकर झिजते. जमत नसेल तर सायकल घेऊन या, आम्ही करून देऊ.’

शेवटचं एकच वाक्य धंद्याचं आहे आणि तेवढं पुरतं. फोन नंबर, पत्ता, वेळ हे प्रोफाइलमध्ये असतंच. चित्रावर नंबर टाकला की ते मीम राहत नाही, पत्रक होतं, आणि पत्रक मित्राला फॉरवर्ड करायला माणूस कचरतो.

चूक दुसरी: हसू कोणावर येतंय हे न पाहणं

स्वीडनमधल्या बानहोफ या इंटरनेट कंपनीने 2018 मध्ये नोकरभरतीसाठी हेच चित्र वापरलं. तरुण म्हणजे ‘तुम्ही’, पुढची मुलगी म्हणजे कंपनी, प्रेयसी म्हणजे ‘तुमची सध्याची नोकरी’. वर पाहिलेली पहिलीच चूक. त्यावर तक्रारी गेल्या आणि तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने ही जाहिरात लिंगभेद करणारी ठरवली. स्त्रिया म्हणजे बदलता येणाऱ्या वस्तू असं त्यातून दिसतं, असा तो आक्षेप होता. खासगी अकाउंटवर तेच चित्र लोक खपवून घेतात. धंद्याने टाकलं की ती जाहिरात होते आणि तिचा हिशोब वेगळा लागतो.

नियम सोपा ठेवा. हसू परिस्थितीवर येऊ द्या किंवा सगळ्यांना असलेल्या सवयीवर. ग्राहकाच्या अडाणीपणावर, कामगारावर, शेजारच्या स्पर्धकावर किंवा कोणाच्या दिसण्यावर ते जात असेल, तर तो फॉरमॅट सोडून द्या. काउंटरवर समोर उभ्या असलेल्या माणसाला तोंडावर म्हणता येणार नाही, ते पेजवरही म्हणू नये.

यावर एक चांगला उपाय आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही: चित्राची रचना तेवढी घ्या आणि फोटो स्वतः काढा. तीन माणसांच्या जागी तीन वस्तू ठेवा. मध्ये सायकल, तिचं हँडल चकचकीत घंटीकडे वळलेलं, मागे गंजकी चेन लोंबतेय. पुढची वस्तू धूसर आणि मधली-मागची स्पष्ट ठेवली की मूळ चित्र लगेच ओळखू येतं. फोनच्या पोर्ट्रेट मोडने हे बऱ्याचदा जमतं, फक्त मधली आणि मागची वस्तू जवळजवळ ठेवा आणि फोकस मधल्या वस्तूवर धरा. चित्र तुमच्या कामाच्या जागेचं होतं, त्यामुळे पेजवरच्या बाकी फोटोंमध्ये ते उपरं वाटत नाही.

हक्कांचा प्रश्नही यात सुटतो. मीम सगळीकडे फिरतं म्हणून ते फुकटचं नसतं. जर्मनीतल्या एका ऑनलाइन दुकानाने आपल्या ब्लॉगवर पेंग्विनचं एक प्रसिद्ध मीम वापरलं होतं. तो फोटो नॅशनल जिओग्राफिकच्या छायाचित्रकाराचा निघाला आणि फोटोंचे परवाने विकणाऱ्या गेटी इमेजेस या कंपनीने त्या दुकानाकडून परवान्याचे पैसे घेतले. मूळचाच फोटो हवा असेल आणि तो स्टॉक फोटो असेल, तर परवाना विकत घ्या. नटाचा, खेळाडूचा किंवा चित्रपटातला चेहरा असेल तर तो जाहिरातीत वापरूच नका. गाण्यांचंही तेच. बिझनेस अकाउंटला ट्रेंडिंग गाणं यादीत दिसत नसेल, तर ते बाहेरून व्हिडिओत घुसवू नका, आवाज बंद केला जाऊ शकतो. व्यावसायिक वापरासाठी दिलेल्या संग्रहातला आवाज घ्या किंवा स्वतःचा आवाज द्या.

चूक तिसरी: उगम न शोधणं

सप्टेंबर 2014 मध्ये #WhyIStayed हा हॅशटॅग ट्रेंडमध्ये होता. घरात मारहाण सोसूनही आपण का थांबलो, हे बायका त्यात लिहीत होत्या. डिजॉर्नो या पिझ्झा ब्रँडच्या अकाउंटने तो हॅशटॅग वापरून पिझ्झाचा विनोद टाकला. पोस्ट काढून माफी मागावी लागली, कारण टाकण्याआधी कोणी तो उघडूनही पाहिला नव्हता.

हे टाळायला दहा मिनिटं पुरतात. फॉरमॅटचं किंवा आवाजाचं नाव टाकून सर्वात जुन्या पोस्ट शोधा. Know Your Meme या साइटवर उगमाची नोंद आहे का ते पाहा. मग वीसेक ताज्या पोस्ट नजरेखालून घाला. अपघात, मृत्यू, एखाद्या सामान्य माणसाची फजिती किंवा जात-धर्म-राजकारण यांतलं काही दिसलं तर तिथेच थांबा. व्हिडिओतली भाषा कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा, अंदाजावर जाऊ नका.

चूक चौथी: उशिरा पोहोचणं

ताज्या पोस्ट पाहताना वेळही कळते. लोक अजून नवनव्या गोष्टी रिकाम्या जागांत भरत असतील तर संधी आहे. मोठ्या कंपन्यांच्या अकाउंटची रांग लागली असेल किंवा लोक त्या फॉरमॅटचीच टर उडवू लागले असतील, तर गाडी सुटली. सुचल्यापासून एक-दोन दिवसांत पोस्ट जात नसेल, तर ताज्या ट्रेंडमागे धावण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा ‘डिस्ट्रॅक्टेड बॉयफ्रेंड’सारखा मुरलेला फॉरमॅट घ्या. तो शिळा होत नाही, कारण तो नवा असल्याचा आव कोणीच आणत नाही.

चूक पाचवी: अक्षरं

एका लेबलमध्ये चार-पाच शब्दांपेक्षा जास्त नको. समजावून सांगावं लागत असेल तर लेबल चुकलंय. मीमसाठी सर्रास वापरला जाणारा Impact हा फॉन्ट देवनागरी नाही. त्यात मराठी लिहिलं की ॲप गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं आणि वर जाड काळी कड दिली की अनुस्वार आणि मात्रा बुजतात. Mukta किंवा Baloo 2 यांचं ठळक वळण घ्या, कड बारीक ठेवा आणि ओळींमध्ये अंतर वाढवा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकणार नाही. शेवटी चित्र फोनवर उघडून हातभर लांबून वाचा.

पोस्ट गेली, पण काम झालं नाही?

व्ह्यूज भरपूर आणि शेअर कमी असतील, तर लोकांनी फॉरमॅट ओळखला पण स्वतःला ओळखलं नाही. लेबलं अजून नेमकी करा. ‘खराब सायकल’पेक्षा ‘तेल न पाहिलेली चेन’ चालते ती यामुळेच. शेअर भरपूर पण इनसाइट्समध्ये भलतीच शहरं दिसत असतील, तर मीम चाललं, धंद्याला उपयोग झाला नाही. पुढच्या कॅप्शनमध्ये आपल्या गावाचं नाव आणि पोस्टला लोकेशन द्या. ‘याचा तुमच्याशी काय संबंध’ अशी कमेंट आली तर वाद घालू नका, नाव झाकायची कसोटी पुन्हा लावा. आणि कोणी दुखावलं गेलं असेल, तर स्पष्टीकरण न देता पोस्ट काढा आणि दोन ओळींत माफी मागा. ‘आमचा तसा हेतू नव्हता’ हे वाक्य त्यात नको, त्याने वाद पुन्हा पेटतो.