सिम बदललं आणि टॉवर गेला? या चुका टाळा

नवं सिम मिळालं की लोक दुकानाच्या पायरीवरच जुनं काढून फेकतात. सगळा घोळ तिथून सुरू होतो. जुनं सिम हीच तुमची खूण आहे. त्याच्यावर टॉवर दिसतोय तोवर कंपनीने नंबर नव्या सिमवर चढवलेला नाही. माझी सवय एकच: जुनं सिम फोनमध्येच ठेवायचं, ते मेलं की फोन बंद करून नवं घालायचं.

मागच्या हंगामात शिरपूरकडचे एक आबा फोन घेऊन आले. कापूस भरायला गाडी येणार होती आणि स्क्रीनवर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली'. पुतण्याने सकाळीच सिम बदललेलं. टॉवर येईना म्हणून त्याने नेटवर्क ऑपरेटरच्या यादीत जाऊन दिसेल ते नाव दाबलं. म्हणाला, "भाऊ, कुठलं तरी लागेल ना!" नाही लागत. यादीत आसपासच्या सगळ्या कंपन्या दिसतात, पण आत तुमचीच कंपनी घेते. बाकीच्या नकार देतात आणि फोन त्या लक्षात ठेवतो.

मी जुनं सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तर टॉवर फुल. म्हणजे काम कंपनीकडेच अडकलेलं. आबांना बसवलं, चहा सांगितला. संध्याकाळी जुनं सिम मेलं, तरी नव्यावर काही येईना. इथेच भलेभले चुकतात. चालू न झालेलं सिम टॉवरकडे नोंदणी मागतं, तेव्हा 'हा ग्राहक माहीत नाही' असं उत्तर येतं. मग फोन ते सिम बाद धरतो आणि बंद करेपर्यंत किंवा सिम काढेपर्यंत पुन्हा विचारतच नाही. एरोप्लेन मोडवर भरवसा ठेवू नका. मी फोन पूर्ण बंद करून चालू केला, ऑपरेटर निवड पुन्हा 'ऑटोमॅटिक' केली आणि टॉवर आला.

मॅन्युअल निवड वाईट नाही. नवापूरसारख्या सीमेवर फोन गुजरातच्या टॉवरला चिकटला, तर ती कामाला येते. काम झालं की ऑटोमॅटिकवर आणा.

'नो सर्व्हिस' असेल तर आधी सिम नीट बसलंय का आणि नेटवर्कचा प्रकार बघा. फक्त 2G निवडलं असेल, तर जिओ कधीच येणार नाही.

उठसूट फॅक्टरी रिसेट मारू नका. फोटो जातात, टॉवर येत नाही.

सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, म्हणून बँकेचा ओटीपी आला नाही तर फोनला दोष देऊ नका.

जुनं मेलं, फोन बंद-चालू झाला, ऑटोमॅटिक आहे आणि नवं सिम दुसऱ्या फोनमध्येही 'इमर्जन्सी'च दाखवतंय? मग सिमवर छापलेला लांब नंबर दुकानदाराने नोंदवलेल्या नंबरशी अंक न् अंक जुळवा. घरात दोन सिमं एकाच दिवशी काढली असतील तर पाकिटं हमखास बदलतात.