डोकं दुखतंय म्हणून दाबताय? या चुका टाळा

दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर संध्याकाळी डोक्याला पट्टा आवळल्यासारखं होतं. दोन्ही बाजूंना सारखं दुखतं, पण ठणकत नाही, मळमळत नाही आणि चाललं-फिरलं तरी वाढत नाही. ही ताणाची डोकेदुखी. बिंदू दाबणं आणि हलकी मालिश यांचा खरा उपयोग होतो तो याच दुखण्यात, आणि तोही योग्य जागी हात पडला तर.

कपाळ दुखतं म्हणून कपाळच चोळणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मानेच्या वरच्या भागाकडून येणाऱ्या आणि कपाळाकडून येणाऱ्या संवेदना मेंदूत शिरताना एकाच ठिकाणी पोचतात. त्यामुळे कवटीच्या मागच्या कडेखाली स्नायू आखडले असले तरी दुखणं डोळ्यांमागे किंवा कपाळात जाणवू शकतं. कपाळ दहा मिनिटं चोळूनही फरक पडत नसेल, तर मानगुटीकडे वळा.

दोन्ही हातांची बोटं गुंफून डोक्यामागे धरा आणि अंगठे खाली सोडा. कानामागचं उंचवट्याचं हाड आणि मानेची मध्यरेषा यांच्या साधारण मधोमध, कवटीच्या कडेला लागून, दोन्ही बाजूंना एकेक खळगी लागते. चिनी पद्धतीत या बिंदूला फेंगची म्हणतात. अंगठ्याचा दाब वर आणि किंचित आत, विरुद्ध बाजूच्या डोळ्याकडे जाईल असा द्या. अंगठा खाली मानेत घसरला, की दाब भलतीकडेच जातो. मानेच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी उडताना लागते, तिथे तर कधीच दाबू नका.

इथे आणखी एक गोष्ट बिनसते. ताठ बसून मानगूट दाबली, तर डोकं तोलून धरायला तेच स्नायू काम करत राहतात आणि सैल पडत नाहीत. म्हणून कोपरं टेबलावर टेकवा आणि डोक्याचा भार हातांवर येऊ द्या. त्याहून सोपं म्हणजे एका मोज्यात दोन टेनिसचे चेंडू घालून गाठ मारा, पाठीवर झोपा आणि चेंडू त्या दोन खळग्यांखाली ठेवा. डोक्याचं वजनच पुरेसा दाब देतं. तीन-चार मिनिटं बास.

कानशिलावर फक्त डोळ्याजवळचा खळगा दाबणं

दात एकदा घट्ट आवळा आणि कानशिलावर बोटं ठेवा. बोटांखाली जो फुगतो तो चावण्याचा स्नायू. भुवईच्या टोकापासून पार कानाच्या वरपर्यंत तो पंख्यासारखा पसरलेला असतो. कामाच्या नादात दात आवळून बसणाऱ्यांचं दुखणं बरेचदा कानाच्या वरच्या भागात जास्त असतं आणि तिथे हातच लावला जात नाही.

चार बोटांची पेरं त्या स्नायूवर टेकवा आणि सावकाश गोल फिरवा. एका फेरीला चार-पाच सेकंद लागू द्या. बोटं कातडीवरून घसरता कामा नयेत. बोटांबरोबर कातडी हाडावर हलली पाहिजे. तोवर ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटलेले हवेत. दात आवळलेले असतील, तर वरून कितीही चोळा, स्नायू ताठच राहतो.

डोक्यावरच्या मालिशलाही हाच नियम. तेल असो वा नसो, टाळूची कातडी हलली पाहिजे. तेलाचं काम घर्षण कमी करण्याचं आहे, ते एक चमचाभर पुरतं. बाम लावत असाल तर अगदी थोडा, डोळ्यांपासून लांब, आणि त्यावर गरम पिशवी ठेवू नका. कातडी भाजल्यासारखी होते.

जितकं जास्त दुखेल तितका गुण, असं समजणं

जोरात दाबलं की स्नायू बचाव म्हणून आणखी आखडतो. दुसऱ्या दिवशी ती जागा हात लावला तरी दुखत असेल किंवा निळी पडली असेल, तर दाब नक्कीच जास्त झाला. दाबताना श्वास अडखळत असेल किंवा चेहरा वाकडा होत असेल, तर जोर निम्मा करा. दुखरं पण हवंसं वाटणारं, एवढंच पुरे. एका जागी 30 ते 60 सेकंद, अशा दोन-तीन फेऱ्या.

हाताच्या बेचकीतली कातडी चिमटणं

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला हेगू हा बिंदू बहुतेकांना माहीत असतो, पण दाबली जाते ती बेचकीची पातळ कातडी. अंगठा तर्जनीला चिकटवला की हाताच्या पाठीवर स्नायूचा उंचवटा येतो. त्याच्या सर्वात उंच जागेवर दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवा, मग हात सैल सोडा आणि तर्जनीच्या हाडाकडे दाबा. गरोदरपणात हा बिंदू परंपरेने वर्ज्य मानतात. त्याने कळा सुरू होतातच असा पक्का पुरावा नाही, पण मान आणि कानशिलं हाताशी असताना तो दाबण्याची गरजही नाही.

सलूनमध्ये मान मोडून घेणं

चंपी झाल्यावर डोकं एका झटक्यात फिरवून कटकट आवाज काढतात. आवाज आला म्हणजे काही जागेवर बसलं, असं नाही. अशा झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. प्रमाण कमी असलं तरी मालिशला बसतानाच सांगून टाका: "दादा, मान मोडू नका."

किती गुण येतो?

समजा, संध्याकाळी सहाला दुखणं दहापैकी सहा आहे. मानगूट चार मिनिटं, कानशिलं तीन, हात दोन, असं केल्यावर ते तीन-चारवर आलं, तर उपाय लागू पडला. ते शून्यावर यावं ही अपेक्षा धरू नका. तासाभराने परत सहावर गेलं, तर मालिश वाढवण्यापेक्षा कारण बघा: स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या फार खाली आहे का, दुपारचं जेवण चुकलं का, चष्म्याचा नंबर बदलला का. दहा-बारा मिनिटांत काहीच फरक नसेल, तर थांबा. चुकीच्या जागी दाबूनही थोडं बरं वाटतं, कारण शांत बसणं आणि स्पर्श यांचाही वाटा असतो. म्हणून बिंदू नेमका मिलिमीटरवर सापडला नाही, तरी बिघडत नाही.

साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असू शकतं. ते बिंदू दाबून सुटत नाही, डॉक्टरांकडेच जावं लागतं.

कुठे हात लावू नये

अर्धशिशीत डोकं ठणकतं, उजेड सोसवत नाही, आणि कित्येकांना केस विंचरणंही सहन होत नाही. तेव्हा डोक्याला हात न लावता अंधारात पडून राहणं बरं.

सेकंदात टोकाला गेलेली, आयुष्यातली सर्वात भयंकर वाटणारी डोकेदुखी. तापाबरोबर ताठरलेली मान. बोलणं अडखळणं, हातापायात अशक्तपणा. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर दुखण्याबरोबर डोळ्यांसमोर अंधारी. यांत मालिशमध्ये वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागलं, तिथे हात लावला की कळ येते, घास चावताना जबडा भरून येतो, अशा वेळी कानशिलातल्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. तिथे चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उपचाराला उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते.