व्यंजनांचा तक्ता वाचून ‘ळ’ कसा काढावा

पुण्यात राहायला आलेल्या हिंदीभाषक मंडळींना मराठी शिकवताना गाडी हमखास मुळा नदीपाशी अडते. ‘मुळा’ म्हणायला गेलं की तोंडून ‘मुला’ येतं, नाहीतर ‘मुड़ा’. मग आजूबाजूचे सल्ले देतात: ‘जरा जड ल म्हणा’, ‘जीभ टाळूला लावा’, ‘ऐकून ऐकून येईल’. पहिल्याला काही अर्थ नाही. दुसरा अर्धवट आहे, कारण टाळू केवढा तरी मोठा. आणि नुसतं ऐकून वर्षानुवर्षं इथे राहिलेल्यांचाही ळ सुधारलेला नसतो. त्यापेक्षा व्यंजनांचा तक्ता उघडा.

आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा, म्हणजे IPA चा तक्ता इंटरनेटवर फुकट मिळतो. उभे रकाने म्हणजे स्थान: डावीकडे ओठ, उजवीकडे सरकत कंठापर्यंत. आडव्या ओळी म्हणजे प्रयत्न, हवा कशी अडते किंवा सुटते ते. एका चौकोनात दोन चिन्हं असली तर डावं अघोष, उजवं घोष. आपली वर्णमालाही असाच तक्ता आहे, फक्त उलट दिशेचा: क-वर्ग कंठापासून निघतो आणि प-वर्ग ओठांवर थांबतो. ळ मात्र कुठल्याच वर्गात नाही, शेवटी वेगळा लिहिलेला असतो. त्यामुळे शाळेत पाठ केलेल्या क्रमावरून त्याची जागा कळत नाही.

आता तक्त्यात तीन चिन्हं शोधा. ल म्हणजे l, दंतमूलाच्या रकान्यात, शेवटच्या ओळीत. ड़ म्हणजे ɽ, मूर्धन्य रकान्यात, टिचकीसारख्या झटपट स्पर्शाच्या ओळीत. ळ म्हणजे ɭ, मूर्धन्य रकान्यात, पण ल च्याच ओळीत. म्हणजे ड़ चा रकाना घ्यायचा आणि ल ची ओळ. प्रमाण हिंदी बोलणाऱ्याकडे हे दोन्ही आधीपासून असतात, फक्त एकत्र आणायचे असतात.

रकाना साधणं हेच खरं अवघड, आणि मलाही शिकवताना सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. बाकीच्या रकान्यांची नावं जीभ कुठे लागते ते सांगतात. मूर्धन्य रकान्यात मात्र जिभेचं वळणही मोजलं जातं: टोक वर उचलून मागे वळलेलं हवं. ‘टाळूला लावा’ ऐकून माणसं जिभेचा सपाट भाग टाळूला चिकटवतात आणि भलताच तालव्य आवाज काढतात. वरच्या दातांच्या मागून जीभ मागे सरकवा. आधी हिरडीचा उंचवटा लागेल, तिथे ल होतो. उंचवटा ओलांडला की टाळू वर चढतो. टोक तिथे टेकवा. त दातांना लागतो, ट या उंचवट्यामागे. ‘आत’, ‘आट’ आलटून पालटून म्हणा, फरक जाणवेल.

जाणिवेवर विश्वास नसेल तर खूण उमटवून बघा. कोको पावडर खाण्याच्या तेलात दाट कालवा आणि जिभेच्या टोकाला, वर आणि खालच्या बाजूलाही, पातळ लावा. एकदाच ‘मुला’ म्हणा, तोंड उघडं ठेवा, आवंढा गिळू नका. छोटा आरसा वरच्या दातांखाली आडवा धरून मोबाइलच्या उजेडात डाग कुठे आहे ते बघा. चूळ भरा, पुन्हा लावा, आता ‘मुळा’. डाग उंचवट्याच्या मागे गेला नसेल तर तुम्ही अजून ल च म्हणताय, कानाला काहीही वाटो. शब्द मुद्दाम हेच घ्या: म ओठांचा असल्याने टाळूवरचा डाग एकाच व्यंजनाचा असतो. ‘काळा’ नको, क लाही जीभ टाळूला लागते.

ओळ साधणं सोपं. टोक तिथेच टेकलेलं ठेवून श्वास आत ओढा. जिभेच्या दोन्ही कडांना गार लागलं तर हवा बाजूंनी जाते आहे. पार्श्विक म्हणतात ते हेच. कडा बंद असतील तर ड होतोय. दुसरी खूण: ळ लांबवता येतो, ‘मुळ्ळ्ळा’, ड़ लांबवता येत नाही, टिचकी झाली की संपला. मात्र भरभर बोलताना आपलाही ळ स्वरांमध्ये निसटता होतो, म्हणून सुरुवातीला कुणा पुणेकराच्या वेगाची नक्कल करू नका. तो वेग पकडला की ड़ परत येतो.

‘मुळा’ बसला की ‘वेल-वेळ’, ‘माल-माळ’ अशा जोड्या घ्या. ‘आळंदी’ सगळ्यात शेवटी, कारण तिथे ळ साठी मागे वळलेलं टोक लगेच ‘न्द’ साठी दातांवर आणावं लागतं.